संशोधन सहायकाच्या जागेसाठी प्राध्यापकांना मेल कसा लिहावा?

प्रश्न: जळगावहून यंदा एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालो. पुण्याच्या प्राध्यापकांना रिसर्च असिस्टंटच्या जागेसाठी मेल करतोय, पण कुणाचंच उत्तर येत नाही. मेलमध्ये नेमकं लिहायचं काय?

उत्तर:

मी एका प्रकल्पावर काम करते आणि आमच्या मॅडमकडे येणारे असे मेल बऱ्याचदा मीच आधी वाचते. त्यामुळे वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

आधी पैसा कुठून येतो ते लक्षात घ्या. प्राध्यापकांना मर्जीने माणूस ठेवता येत नाही. डीएसटी, डीबीटी यांसारख्या सरकारी विभागांकडून प्रकल्प मंजूर होतो, बहुतेकदा तीन वर्षांसाठी. त्यातच सहायकाची जागा मंजूर असते आणि ती जाहिरात देऊन, मुलाखत घेऊनच भरावी लागते. म्हणून ‘मला संधी द्या’ म्हटलं तर सरांनी काय उत्तर द्यायचं? ‘चालू प्रकल्पात जागा रिकामी आहे का, किंवा जाहिरात निघणार आहे का’ असं विचारलं तर ते एका ओळीत कळवू शकतात. आधीच्या मुलाला पीएचडीला प्रवेश मिळाला की जागा मध्येच रिकामी होते, म्हणून प्रवेशाच्या हंगामात विचारलेलं बरं.

जाहिरातीत हे पद प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट किंवा जेआरएफ या नावाने असतं. रिसर्च असोसिएटला पीएचडी लागते, तिकडे जाऊ नका. नेट किंवा गेट झालं असेल तर ते विषयाच्या ओळीतच लिहा. जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं आहे, आणि त्यासाठी तीच पात्रता बघतात.

आता मजकूर. चोपड्याची माझी एक ज्युनिअर आहे. तिने एम.एस्सी.ला केळीच्या मुळांजवळच्या मातीतून स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे केले होते. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे’, ‘मी मेहनती आहे’ असंच सगळं होतं, आणि मध्येच सरांच्या पेपरचं शीर्षक चिकटवलेलं. त्या एका ओळीचा फॉन्ट वेगळा होता. हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं, आणि हाच मेल आणखी कितीजणांना गेला असेल याचा अंदाज येतो.

आम्ही दोघींनी मिळून तो पुन्हा लिहिला. मूळ इंग्रजीत होता, आशय असा:

‘आदरणीय सर, मी यंदा एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी पूर्ण केलं. चोपडा तालुक्यातल्या केळीच्या बागांमधून मी स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे केले. पिकोव्हस्काया आगारवर सात दिवसांनी वसाहतीभोवतीचं पारदर्शक वलय मोजलं. पण हे माध्यम बफर नसलेलं होतं. आमच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जिवाणूंनी सोडलेलं आम्ल चुन्यामुळेच निष्प्रभ होत असेल, तर प्लेटवरचं वलय शेतात कितपत उपयोगी, हा प्रश्न माझ्यापुढे राहिला. आपल्या पेपरमध्ये बफर केलेल्या माध्यमात चाचणी घेतलेली वाचली. या कामाच्या चालू प्रकल्पात सहायकाची जागा रिकामी आहे का, किंवा जाहिरात अपेक्षित आहे का? सीव्ही जोडला आहे.’

यात ‘मेहनती’ शब्द कुठेच नाही, तरी मुलीने स्वतः काम केलंय आणि त्या कामाची मर्यादा तिला कळलीय, हे वाचणाऱ्याला समजतं. पारदर्शक वलय बऱ्याच जणांच्या प्रबंधात असतं. ते जमिनीत का टिकणार नाही, हे विचारणारी मुलं थोडी असतात. तुमचा विषय वेगळा असेल, पण तुमच्या कामातही कुठेतरी असा अडलेला प्रश्न असणार. तो शोधा आणि त्याच प्रश्नावर काम करणाऱ्यालाच लिहा. त्यासाठी पेपरचा सारांश पुरत नाही, पद्धतीचा भाग वाचावा लागतो. ते बफरचं तिला तिथेच सापडलं.

जे लिहाल ते तोंडी सांगता आलं पाहिजे. तिला सरांचा फोन आला तेव्हा पहिलाच प्रश्न होता, वलय मोजलं म्हणजे वसाहतीचा व्यास धरून की सोडून? पीसीआर एकदा लांबून पाहिला असेल तर सीव्हीत ‘पीसीआर येतो’ लिहू नका, ‘पाहिला आहे’ लिहा.

मेल एकेकालाच पाठवा. सीव्ही दोन पानांत बसवा, पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा, तेवढी एकदाच. आणि फक्त पुण्याकडेच बघू नका, आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या विभागांतही प्रकल्प चालतात.

सर ‘जाहिरात आली की अर्ज करा’ म्हणाले तर तो नकार समजू नका. संस्थेचं संकेतस्थळ दर आठवड्याला बघत राहा, कारण अर्जाची मुदत कमी असते आणि आधी केलेला मेल अर्ज म्हणून धरला जात नाही.