क्यूआर बिल संपल्यावरच दाखवा

प्रश्न: किराणा दुकानात बिलिंगच्या कॉम्प्युटरला गिऱ्हाइकासाठी दुसरा स्क्रीन लावायचा आहे. स्कॅन करताना वस्तू, एकूण रक्कम आणि यूपीआयचा क्यूआर त्यावर दिसायला हवा. कुठला स्क्रीन घेऊ आणि कसा जोडू?

स्क्रीन कुठलाही घ्या. एचडीएमआय असलेला दहा इंची पुरतो, माळ्यावर जुना मॉनिटर पडला असेल तर तोही चालतो. विंडोज आणि P ही बटणं दाबून `Extend` निवडा. `Duplicate` नको, नाहीतर खरेदीचे भाव आणि कालचा गल्ला रांगेतल्या सगळ्यांना दिसेल. जोडणी म्हणतात ती एवढीच. दुकानं अडकतात ती क्यूआर कधी दाखवायचा या प्रश्नावर, आणि त्यावरून माझा एका बिलिंगवाल्याशी दोन वर्षं वाद चालू आहे.

त्याचं म्हणणं असं, की पहिली वस्तू स्कॅन झाली की क्यूआर दाखवावा आणि रक्कम वाढेल तसा तो बदलत राहावा, म्हणजे गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो. माझ्या मते हे साफ चूक आहे. क्यूआरमध्ये रक्कम आत लिहिलेली असते:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan&tr=B417-1&am=847.00&cu=INR
```

`am` म्हणजे रक्कम, `tr` म्हणजे त्या मागणीचा क्रमांक. गिऱ्हाइकाने मोबाइल धरला की हा मजकूर त्याच्या अ‍ॅपमध्ये गेला. त्यानंतर स्क्रीनवर तुम्ही काहीही बदला, त्याच्या हातात जुनीच रक्कम राहते.

त्या बिलिंगवाल्याने बसवलेल्या एका काउंटरवर झालं ते असं. बेरीज ८४६.६० झाली, राउंड ऑफ होऊन ८४७. बाईंनी क्यूआर स्कॅन केला आणि पिन टाकायला घेतला. तेवढ्यात बरोबरचा मुलगा म्हणाला, "एक पिशवी पण द्या." कॅशियरने दहा रुपयांची पिशवी स्कॅन केली. स्क्रीनवर ८५७ आले, नवा क्यूआर आला, `tr` सुद्धा बदलून `B417-2` झाला. बाईंचे ८४७ खात्यात जमा झाले, पण ते `B417-1` च्या नावावर. सॉफ्टवेअर वाट बघत होतं `B417-2` ची, त्यामुळे स्क्रीनवर "पैसे येणे बाकी, ८५७" असंच दिसत राहिलं. बाई म्हणतात पैसे भरले, कॅशियर म्हणतो आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत होते. शेवटी कॅशियरने ते बिल रोखीचं म्हणून बंद केलं आणि रात्री गल्ल्यात ८५७ कमी भरले.

म्हणून बिलाला तीन अवस्था ठेवा. चालू असताना वस्तू आणि बेरीज दिसेल, क्यूआर नाही. कॅशियरने "पेमेंट"चं बटण दाबलं की बिलाला कुलूप, आणि तेव्हाच क्यूआर. पैसे आल्याची खबर मिळाली की हिरवा पडदा, तीन-चार सेकंद, मग कोरा. कुलूप असताना काही स्कॅन झालं तर सॉफ्टवेअरने ते घेऊ नये. आधी कॅशियरला "क्यूआर रद्द" करायला लावावं, आणि रद्द करण्यापूर्वी जुन्या `tr` चे पैसे आले का हे गेटवेला, म्हणजे दुकानाचं ऑनलाइन पेमेंट सांभाळणाऱ्या सेवेला, विचारावं. आले असतील तर पिशवीचं वेगळं दहा रुपयांचं बिल करा. दोन बिलं दिसायला बरी दिसत नाहीत, पण हिशेब जुळतो. वर दिलेली साधी लिंक तुम्ही स्वतः बनवत असाल तर तिला रद्द करण्याची सोयच नाही आणि पैसे आल्याची खबर सॉफ्टवेअरपर्यंत येत नाही. त्यासाठी गेटवेचाच बदलता क्यूआर घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण बघून बिल बंद करणं ही वेगळीच आफत.

आता स्कॅनरचा एक घोळ, जो कोणी आधी सांगत नाही. यूएसबी बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. जी खिडकी पुढे असेल तिच्यात तो आकडे टाकतो. गिऱ्हाइकाचा स्क्रीन टच असेल आणि एखाद्या पोराने त्यावर बोट लावलं, तर पुढचा बारकोड बिलात न जाता तिकडे जातो. ओळखायचं कसं? स्कॅनर "टीं" वाजतो, पण बिलात ओळ वाढत नाही. तो आवाज स्कॅनरला बारकोड वाचता आला एवढंच सांगतो, वस्तू बिलात गेल्याचं नाही. कॅशियर आवाजावर विसंबून माल पिशवीत टाकतो आणि वस्तू फुकट जाते. टचची यूएसबी वायर जोडूच नका, आणि सकाळी आधी गिऱ्हाइकाची खिडकी उघडा, मग बिलिंगची.

बिलिंग ब्राउझरमध्ये चालत असेल तर दुसरी खिडकी अशी उघडता येते. मुख्य स्क्रीन डावीकडे, १३६६ पिक्सेल रुंद आणि स्केल १००% असं धरलं आहे:

```
chrome.exe --user-data-dir=C:\grahak --kiosk --window-position=1366,0 http://localhost:8080/grahak
```

`--user-data-dir` वेगळा दिला नाही तर आधीच उघडं असलेलं क्रोम बाकीच्या सूचना बहुधा कानाआड करतं आणि खिडकी कॅशियरच्याच स्क्रीनवर येते. पण वेगळा दिला की दोन्ही खिडक्यांची प्रोफाइलं वेगळी होतात, मग `BroadcastChannel` किंवा `localStorage` मधून निरोप जात नाही. प्रोग्राम लिहिणारी मुलं यात दोन दोन दिवस घालवतात. वस्तूंची यादी लोकल सर्व्हरवरून वेबसॉकेटने पाठवा.

क्यूआरच्या आकाराचं गणित सोपं आहे. गेटवेचा मजकूर साधारण १०० अक्षरांचा असेल तर चूक-दुरुस्तीच्या `M` पातळीवर ४१ बाय ४१ चौकटी होतात, चारही बाजूंना चार-चार चौकटींची पांढरी कड धरून ४९. चौकटीला ८ पिक्सेल दिले तर ३९२ पिक्सेल. दहा इंची, १०२४ बाय ६०० च्या स्क्रीनवर हे कडेसकट साडेआठ सेंटिमीटर भरतं, म्हणजे काउंटरपलीकडून हात लांब न करता वाचता येतं. चौकटीला ७.३ वगैरे पिक्सेल येतील असं ताणू नका, कडा पुसट होतात. आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा क्यूआर दिसायला कितीही झकास असला तरी काही अ‍ॅप तो वाचतच नाहीत.

यादीत सगळ्यात नवी वस्तू वर, मोठ्या अक्षरात ठेवा, कारण गिऱ्हाईक तीच बघतं. सुट्या मालाला वजन आणि दर दोन्ही दाखवा. "तूरडाळ १६४" एवढंच दिसलं की प्रश्न येतोच.

हे सगळं इंटरनेट चालू असेल तर. नेट गेलं की गेटवेचा क्यूआर तयारच होत नाही, तेव्हा छापील स्टिकर काउंटरवर असू द्या आणि स्क्रीनवर रक्कम ठळक दाखवा, म्हणजे गिऱ्हाईक ती नीट टाइप करेल. त्या बिलिंगवाल्याचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे: रोखीवाल्यांना क्यूआर दाखवायची गरज नाही, कॅशियरने रोख निवडली की फक्त घेतलेले आणि परत द्यायचे पैसे दिसावेत. आणि बिलिंगमध्ये उधारीचं खातं असेल तर "मागील बाकी" ही ओळ गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरून काढायला विसरू नका. रांगेत मागे त्याचा शेजारी उभा असतो.