गेटच्या रजिस्टरचा तासावार हिशोब करताय? आधी वेळेचा कॉलम बघा

भाऊ, पहिल्यांदा मीही फसलो होतो. आमच्या इंदूरच्या सोसायटीत चौकीदार वेळ 7.40, 7.10 अशी टिंब देऊन लिहितो, मी तशीच शीटमध्ये टाकली न HOUR लावलं, तर 7.40 गेलं 9 च्या तासात आणि 7.10 चक्क रात्री 2 ला, म्हणजे संध्याकाळची डिलिव्हरीवाल्यांची गर्दी मध्यरात्री दिसायला लागली! कारण शीटला 7.40 म्हणजे सात दिवस न वर दिवसाचा 0.4 भाग वाटतो.

वेळ A कॉलममध्ये ठेवून आधी B मध्ये AM किंवा PM भरा, पानावर वरून खाली सकाळच्या 11 नंतर आकडा 12 वर आला की दुपार झाली, तिथून PM. मग:

```
=MOD(INT(A2),12)+IF(B2="PM",12,0)
```

दुपारचं 12.20 पण बरोबर 12 मध्ये पडतं.

फ्लॅट एकाच तऱ्हेने लिहा, B-304 आणि 304 B वेगळे मोजले जातात. काम पाच-सहा शब्दांत बसवा: पार्सल, जेवण, पाहुणे, कामवाली, दुरुस्ती, इतर. ‘इतर’ फुगलं तर मूळ वही उघडा, आमच्याकडे त्यात सगळे गॅसवालेच निघाले. मग पिव्हट टेबलात ओळीत तास, कॉलममध्ये काम, फ्लॅट फिल्टरला.