एकाआड एक तास नळ: लसावि काढूनही उत्तर का चुकतं?

प्रश्न: पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. एक नळ टाकी 6 तासांत भरतो, दुसरा 10 तासांत रिकामी करतो. दोन्ही एकाआड एक तास चालू, आधी भरणारा. मला 30 तास आले, उत्तरपत्रिकेत 26 तास 48 मिनिटं. कसं?

उत्तर: लसावि बरोबरच आहे, घोळ शेवटच्या फेरीत आहे. टाकी 30 लिटरची धरा. (पेठेतल्या वाड्यातही एवढीशी टाकी नसते, पण भागाकार सुटसुटीत होतात.) भरणारा नळ तासाला 5 लिटर आणतो, दुसरा 3 लिटर काढतो. म्हणजे दोन तासांच्या एका फेरीत 2 लिटर वाढतात.

तुम्ही 30 ला थेट 2 ने भागलंत. पण टाकी भरते ती भरणाऱ्या नळाच्या तासात, आणि एकदा भरली की पुढचे 3 लिटर काढायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून आधी 30 मधून 5 वजा करा. फेऱ्या संपल्यावर टाकीत निदान 25 लिटर हवेत. 12 फेऱ्यांनी 24 होतात, थोडक्यात हुकतं. 13 फेऱ्यांनी, म्हणजे 26 तासांनी, 26 होतात. उरलेल्या 4 लिटरला 4/5 तास, म्हणजे 48 मिनिटं.

दोन्ही नळ भरणारेच असतील तर ही वजाबाकी लागत नाही.