पेन डिस्प्लेचे रंग, ब्राइटनेस आणि चकाकी : तुमचे प्रश्न

पत्रं वेगवेगळी येतात पण गोंधळ एकच असतो, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतोय.

नवीन टॅबलेट आजच आला. बॉक्समधून काढल्या काढल्या कलर सेटिंग करून टाकू का?

नको, आधी अर्धा तास स्क्रीन चालू राहू दे, पॅनल तापून स्थिर झाल्यावर मग बघा.

टॅबलेटवर स्किन टोन एकदम जिवंत दिसतो, क्लायंटच्या फोनवर मात्र चेहरा राखाडी, आजारी दिसतो. मित्राने सांगितलं की फोटोशॉपच्या Color Settings मध्ये टॅबलेटचंच प्रोफाइल टाक. ते केलं तरी तसंच आहे. फोनच खराब असतात का?

फोन बरे आहेत हो, मित्राचा सल्ला खराब आहे. हा सल्ला इतके लोक एकमेकांना देतात की आता ऐकूनच डोकं उठतं, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

प्रोफाइल दोन असतात आणि दोघांची कामं वेगळी. एक फाइलचं, ते सांगतं की या आकड्यांचा रंग नक्की कुठला. दुसरं स्क्रीनचं, ते सांगतं की हे पॅनल कुठल्या आकड्याला कसा रंग दाखवतं. फोटोशॉप पहिलं वाचतं, दुसरं बघतं आणि मधे हिशोब करून चित्र दाखवतं. फाइलच्या जागी स्क्रीनचं प्रोफाइल टाकलंत की दोन्ही बाजू सारख्याच झाल्या, हिशोब करायला काही उरलंच नाही, आकडे जसेच्या तसे पॅनलवर गेले.

आता तुमच्या पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून काय झालंय ते बघा. टॅबलेटच्या मेनूत मोड Native आहे, म्हणजे पॅनल त्याच्या पूर्ण ताकदीने, sRGB पेक्षा जास्त भडक रंग दाखवतंय. विंडोजमध्ये टॅबलेटला प्रोफाइल लावलेलंच नाही, त्यामुळे विंडोज त्याला साधा sRGB मॉनिटर समजतंय. तुम्ही गालाला समजा 226, 170, 138 घेतला, तो पॅनलवर लालबुंद दिसला, मग तुम्ही डोळ्याला बरा वाटेपर्यंत उतरवत 205, 168, 148 पर्यंत आणलात. तुमच्या स्क्रीनवर झकास. फोनने तेच आकडे sRGB म्हणून वाचले आणि खरोखरच जो फिका रंग तुम्ही लिहून ठेवलाय तो इमानदारीत दाखवला. मित्राच्या उपायाने यातलं काहीच बदलत नाही, उलट अपलोड करताना प्रोफाइल फाइलमधून गळलं की कुठल्याच स्क्रीनला खरा रंग कळायची सोय राहत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. Edit > Color Settings मध्ये RGB ला sRGB IEC61966-2.1 ठेवा आणि परत त्याला हात लावू नका. मग टॅबलेटच्या स्वतःच्या मेनूत sRGB मोड घ्या, वेब आणि क्लायंटच्या कामाला तेवढं बास. Native च हवा असेल तर कलरीमीटरने तुमच्याच टॅबलेटचं माप घेऊन आयसीसी फाइल, म्हणजे त्या स्क्रीनचं प्रोफाइल, बनवावी लागेल, ती विंडोजच्या colorcpl मध्ये टॅबलेट निवडून, Use my settings for this device ला टिक करून, Add करून डिफॉल्ट करायची आणि फोटोशॉप बंद करून परत उघडायचं. नेटवरून "सेम मॉडेल"ची आयसीसी उतरवू नका. ते दुसऱ्याच्या पॅनलचं, दुसऱ्याच्या ब्राइटनेसला घेतलेलं माप आहे, दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर तुम्हाला चालेल का?

फोटोशॉपला तुमचा मॉनिटर नक्की काय वाटतोय हे तपासायचं तर View > Proof Setup > Monitor RGB निवडा आणि Ctrl+Y दाबत चालू-बंद करून बघा. sRGB फाइलमध्ये काहीच फरक दिसला नाही तर फोटोशॉप मॉनिटरला sRGB समजतंय. टॅबलेट sRGB मोडवर असेल तर हे बरोबरच आहे, Native वर असेल तर तिथेच रोग सापडला.

जुनी चित्रं वाचतात, पण कॉपीवरच करा. ज्या मोडवर आणि ब्राइटनेसवर रंगवलंत त्याच सेटिंगला घेतलेलं माप असेल तर आधी Edit > Assign Profile ने ते प्रोफाइल लावा, म्हणजे तुम्हाला जे दिसत होतं ते फाइलला कळेल, मग Edit > Convert to Profile ने sRGB करा, दिसणं तेच राहून आकडे बदलतील. क्रम उलटा केलात तर रंग बिघडतील. पैसे घेतलेलं काम असेल तर माप घेणाऱ्या जाणकाराला आधी दाखवा.

ड्रायव्हर टाकल्यापासून काळा रंग करडा दिसतोय, पॅनल गेलं का?

बहुतेक एचडीएमआयची रेंज Limited वर गेली असेल, ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये Full करा, तरीही करडाच राहिला तर वॉरंटी संपायच्या आत सर्व्हिस सेंटरला न्या, महिनाभर वाट बघत बसू नका.

स्क्रीनवर मस्त उजळ, प्रिंट मात्र प्रत्येक वेळी काळपट. प्रेसवाला म्हणतो फाइलच डार्क आहे.

प्रेसवाला बरोबर असावा. रात्री खोलीतला दिवा घालवून, ब्राइटनेस शंभरावर ठेवून रंगवलं की सावल्या आपोआप जास्त गडद उतरतात, कारण तुमच्या स्क्रीनवर त्या तरीही उघड दिसत असतात. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो, साधारण 500 लक्सच्या उजेडात पांढरा कागद 130 निट्सच्या आसपास परतवतो, आणि तुमची स्क्रीन मात्र त्याच्या दुप्पट पेटलेली. प्रिंटच्या कामाला 100 ते 120 निट्स धरा. मीटर नसेल तर नेहमीच्या दिव्याखाली टॅबलेटशेजारी साधा पांढरा कागद ठेवा, स्क्रीनवर कोरा पांढरा कॅनव्हास उघडा आणि स्क्रीन दिव्यासारखी न वाटता कागदासारखी वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. एकदा बसला की तो आकडा लिहून ठेवा आणि दिवा बदलू नका. काही टॅबलेटमध्ये sRGB मोडला ब्राइटनेस कुलूपबंद असतो, मग यूजर मोड घेऊन माप परत घ्यावं लागतं. सीएमवायकेचं प्रोफाइल मात्र त्या प्रेसलाच विचारा आणि मोठी ऑर्डर देण्याआधी एक प्रूफ काढून घ्या.

मागच्या ट्यूबलाइटचा पट्टा चित्रावर पडतो. दुकानदार म्हणतो अँटी-ब्लूलाइट मॅट फिल्म लावा, डोळ्यांनाही बरी. लावू?

दुकानदाराला फिल्म विकायचीय, त्याचं बरोबरच आहे. आधी स्क्रीन बंद करा, नेहमीच्या बैठकीत बसा आणि काळ्या काचेत बघा, जो दिवा, खिडकी किंवा तुमचा पांढरा शर्ट दिसेल तोच गुन्हेगार. स्टँडचा कोन थोडा बदला, खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा, ट्यूब डोक्यामागून काढून बाजूच्या भिंतीवर न्या, बहुतेकांचं इथेच भागतं. अँटी-ब्लूलाइट फिल्म पांढऱ्याला पिवळं करते, म्हणजे आत्ताच बसवलेला रंग परत हलला. आणि तुमची काच आधीच एच केलेली, म्हणजे चकाकी मोडायला मुद्दाम खरखरीत केलेली असेल, नखाने हलकेच घासून बघा, खरखरीत लागली तर एच केलेली, मग तिच्यावर आणखी मॅट थर म्हणजे पांढऱ्या भागात रवाळ चमक, काळा उडालेला आणि निब लवकर झिजणार. काच गुळगुळीत असेल आणि दिवे हलवताच येत नसतील तरच साधी, रंग नसलेली मॅट फिल्म लावा, आणि लावल्यावर माप परत घ्या. डोळे दुखत असतील तर फिल्मवाल्याकडे नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

कलरीमीटर विकत घ्यावाच का?

महिन्याला प्रिंटची कामं येत असतील तर हो, नाहीतर चार जण मिळून एक घ्या किंवा एखाद्या फोटोग्राफर मित्राचा उसना आणा, फक्त स्क्रीन आडवी ठेवून, सेन्सर नीट टेकवून माप घ्या. फोनचं ॲप हे माप नाही.

रात्री Night light चालू ठेवून रंगवलं तर चालेल का?

नाही.