नवीन गोळीनंतर ओठ आणि पापण्या सुजल्या तर?

प्रश्न: बाबांना बीपीसाठी रॅमिप्रिल सुरू केली. आज अचानक ओठ आणि पापण्या सुजल्या. खाज नाही. सेट्रिझिन देऊन सकाळपर्यंत थांबू का?

उत्तर: थांबू नका, पुढची गोळी देऊ नका आणि त्यांना आत्ताच इमर्जन्सी विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणून सांगतो, हा अँजिओएडेमा, म्हणजे त्वचेखाली खोलवर येणारी सूज, वाटतो. हीच सूज जीभ आणि घशापर्यंत गेली तर श्वासनलिका बंद होऊ शकते, आणि ती किती वेगाने पसरेल हे आधी कळत नाही. आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना किंवा श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर लगेच १०८ला फोन करा. रॅमिप्रिलसारख्या औषधांनी शरीरात ब्रॅडिकिनिन नावाचे रसायन साठते, त्यातून ही सूज येते. ती अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनची नसल्याने खाज नसते आणि सेट्रिझिनचा उपयोग जवळपास शून्य. गोळी वर्षभर सोसली असली, तरी हे होऊ शकते. मात्र अंगावर गांधी, खाज, उलटी किंवा चक्करही असेल, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. त्यात मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने लागते. गोळीचे पाकीट सोबत न्या.