सॉफ्टवेअरचा करार आपोआप वाढू नये म्हणून नोटीस कशी द्यायची?

प्रश्न : नाशिकमध्ये आमची औषधांच्या घाऊक विक्रीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक करार 31 मार्च 2027 ला संपतो. 'मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी लेखी नोटीस न दिल्यास करार एक वर्षाने वाढेल' असं त्यात आहे. पुढच्या वर्षी नको, हे आम्ही त्यांच्या सेल्सच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. तो 'ओके सर' म्हणाला. एवढं पुरे ना? शिवाय कार्डवरचं ऑटो-डेबिट बंद करणारच आहोत.

उत्तर : 'ओके सर'वर विसंबू नका. कराराच्या शेवटी 'नोटीस' नावाचं कलम असतं आणि सहसा ते कुणी वाचत नाही. नोटीस कुठल्या पत्त्यावर, कुठल्या ईमेलवर आणि कशाने पाठवायची, हे तिथे ठरलेलं असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 13 प्रमाणे, ठरवून दिलेल्या ईमेलवर संदेश पोचला की तो मिळाला असं धरतात. ईमेल ठरलेला असताना तुम्ही दुसरीकडेच पाठवला, तर समोरच्याने तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत मिळाला असं धरत नाहीत. सेल्सवाला उद्या नोकरी सोडून गेला, तर तुम्ही कळवलं होतं हे सिद्ध कसं करणार?

आता तारीख. 'किमान 60 दिवस' म्हणजे मधले पूर्ण 60 दिवस धरावेत. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि 31 मार्च हे दोन्ही सोडा. मार्चचे 30, फेब्रुवारीचे 28 आणि जानेवारीचे शेवटचे 2 मिळून 60 होतात. म्हणून नोटीस 29 जानेवारीपर्यंत त्यांच्या हातात पडली पाहिजे. 'दोन महिने आधी' असा ढोबळ हिशेब करून 31 जानेवारीला पाठवणारे इथेच फसतात. 'कुरिअरने पाठवल्यास तिसऱ्या कामाच्या दिवशी मिळाली असं समजावं' अशी ओळ असेल, तर तेही दिवस मागे मोजा. मध्ये 26 जानेवारीची सुट्टी आहे. मी म्हणेन, डिसेंबरातच पाठवा. फक्त '90 दिवसांच्या आधी दिलेली नोटीस चालणार नाही' अशी अट नाही ना, एवढं पाहून घ्या.

मजकुरात 'करार रद्द करत आहोत' असं लिहू नका. मुदतीआधी करार मोडणं वेगळं आणि मुदतीनंतर न वाढवणं वेगळं. पहिल्यासाठी बहुतेक करारांत वेगळ्या अटी असतात, कधी उरलेल्या वर्षाचे पैसेही मागतात. 'दर कमी केला नाही तर विचार करू' हेही टाळा, ती नोटीस ठरत नाही. कराराच्याच भाषेत एवढं पुरे : 'दिनांक अमुकच्या करार क्रमांक तमुकमधील नूतनीकरणाच्या कलमानुसार कळवतो की, 31 मार्च 2027 रोजी मुदत संपल्यावर हा करार वाढवण्याची आमची इच्छा नाही.' कलमाचा क्रमांक घाला. कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत संचालकाच्या सहीने द्या. करार डीलरमार्फत झाला असला तरी नोटीस कागदावर सही असलेल्या कंपनीलाच द्या. डीलरला फक्त प्रत.

ईमेलसोबत छापील नोटीसही पाठवा. करारातल्या पत्त्यावर एक आणि एमसीए पोर्टलवर दिसणाऱ्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर दुसरी. करारात 'रजिस्टर्ड पोस्ट' असेल, तर ती सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. म्हणून काउंटरवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचपावती मागा. पावती, ट्रॅकिंगचं पान आणि नोटिशीची प्रत एकत्र ठेवा. पाठवलेला ईमेल डिलीट करू नका.

ऑटो-डेबिट बंद केल्याने फक्त पैसे जायचे थांबतात, करार तसाच वाढतो आणि थकबाकी तुमच्या नावावर चढते. आधी नोटीस पोचू द्या, मग मँडेट रद्द करा.

तरीही त्यांनी नव्या वर्षाचं बिल काढलं, तर लगेच लेखी हरकत घ्या. जीएसटी पोर्टलच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये ते बिल 'रिजेक्ट' करायला अकाउंटंटला सांगा. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं पोर्टल धरतं. त्यावर क्रेडिट घेऊन मग 'करार नव्हताच' म्हणणं अवघड जातं. ग्राहक आयोगाचा रस्ताही तुमच्यासाठी जवळपास बंद आहे, कारण धंद्यासाठी सेवा घेणारी कंपनी सहसा 'ग्राहक' ठरत नाही.

1 एप्रिलपासून कुणीही त्यात लॉगिन करून बिल काढू नये, नाहीतर 'तुम्ही तर वापरत होता' हा मुद्दा त्यांना आयताच मिळेल. म्हणून बॅच क्रमांकांसह स्टॉक, खातेवही आणि सगळी बिलं मार्चमध्येच बाहेर काढून घ्या. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, आणि लॉगिन बंद झाल्यावर ते काढून द्यायचे वेगळे पैसे मागितले जाऊ शकतात.