मानेजवळचे केस आधी घ्या

केस ब्लीच केल्यावर रंग सगळीकडे सारखा आला नाही, तरी तुमच्या ब्लीचमध्ये दोष नाही. पुढचे केस फिके पिवळे आणि मानेजवळचे अजून नारिंगी, असं सुरुवातीला बऱ्याच जणांचं होतं. कपाळाजवळचे केस बारीक असतात आणि ऊन-वाऱ्याने त्यांच्यावरचे खवले थोडे उघडलेले असतात, त्यामुळे ब्लीच पटकन आत शिरतं. मागचे केस बहुधा जाड, दाट आणि वरच्या थराखाली झाकलेले. त्यांना वेळ लागतोच.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- मानेपासून सुरू करून वर या, कपाळाची कड सगळ्यात शेवटी. आरशात दिसतं म्हणून पुढून सुरू करणं ही नेहमीची चूक.
- मागे बटा इतक्या पातळ घ्या की ब्लीच लावल्यावर पलीकडचं बोट अंधुक दिसावं. जाड बटेच्या आतले केस कोरडे राहतात आणि डाग पडतात. माझ्या पहिल्या वेळी मानेवर असेच पट्टे उठले होते.

मागचं लावायला २० मिनिटं लागली, तर पुढचं लावाल तेव्हा मागच्या केसांना तेवढा वेळ आधीच मिळालेला असतो. मग दर पाच मिनिटांनी मागची एक आणि पुढची एक बट पुसून रंग बघा. पुढचं आधी झालं तर तेवढंच ओल्या कापडाने नीट पुसून काढा.

मागे जोर यावा म्हणून ब्लीच पावडरमध्ये मिसळायचं डेव्हलपर मात्र आत्ता तीव्र घेऊ नका. मानेची त्वचा भाजू शकते. पाकिटावरची कमाल वेळही ओलांडू नका. नारिंगी उरलंच तर धुवा आणि पुढचा हात काही आठवड्यांनी द्या.